पाच मिनिटांत हवामानाचा धडा : मे महिन्यातील खारा वारा आणि जूनमधील पाऊस

कृषी महाविद्यालयात व माध्यमिक शाळेत विद्यार्थ्यांना एखाद्या प्रकरणाचा सारांश काढून त्यावर वर्गात पाच मिनिटे बोलावयास सांगितले जाते. ग्रामीण कृषी कार्यानुभवासाठी गावात राहावयास आलेले विद्यार्थी असेच भाषण शेतकरी मेळाव्यातही करतात. ‘हवामान प्रणाली कशी चालते’ हे प्रकरण अशा भाषणासाठी वारंवार निवडले जाते आणि बहुतेक वेळा त्याची केवळ यादी होते. वातावरण, जलावरण, हिमावरण, भूपृष्ठ आणि सजीवसृष्टी ही पाच नावे व प्रत्येकाच्या दोन-दोन व्याख्या सांगता सांगता वेळ संपतो. ऐकणाऱ्याला मात्र आपल्या शेतावर पाऊस कसा येतो याचा उलगडा होत नाही.

हेच प्रकरण पाच मिनिटांत कसे बसवावे, हे या लेखात एका उदाहरणाने दाखविले आहे. उदाहरण ठाण्याच्या घोडबंदर रोडचे आहे. या रस्त्याच्या उत्तरेस उल्हास नदीची खाडी व दक्षिणेस येऊरचे डोंगर आहेत. गायमुखाजवळ तर रस्ता खाडी आणि डोंगर यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीतून जातो. आज येथे भातखाचरांच्या जागी उंच इमारती उभ्या राहिल्या असल्या तरी पाणी, जमीन, डोंगर आणि वारा या चारही गोष्टी एकाच ठिकाणी उभे राहून पाहता येतात. भिवंडी, कल्याण, शहापूर, मुरबाड भागातील भातउत्पादकालाही हेच तत्त्व लागू पडते.

सारांशातून काय घ्यावे व काय सोडावे

प्रथम शब्दांचा हिशेब करावा. वर्गात सर्वांना समजेल अशा गतीने बोलल्यास मिनिटाला साधारण शंभर शब्द होतात, म्हणजे पाच मिनिटांचे भाषण पाचशे शब्दांच्या आत हवे. प्रकरणाचा सारांश यापेक्षा मोठा असतो. तो सगळाच घाईने वाचण्यापेक्षा त्यातून एक प्रश्न निवडावा व त्या प्रश्नाच्या उत्तराला जे लागेल तेवढेच ठेवावे.

आपला प्रश्न असा आहे : मे महिन्यात दुपारी खाडीकडून दमट वारा रोज येतो, डोंगरही समोरच आहे, तरी पाऊस क्वचितच का पडतो? आणि जूनमध्ये त्याच डोंगरावर तो का कोसळतो? या उत्तराला सूर्याची उष्णता, जमीन, समुद्र, हवा आणि डोंगर एवढे पुरे आहेत. ध्रुवाकडील बर्फ हवामान प्रणालीचा महत्त्वाचा भाग आहे, परंतु या प्रश्नात त्याचे काम नाही, म्हणून त्याचा उल्लेख एका वाक्यात करावा. सजीवसृष्टीचेही तसेच. जे सोडले ते ऐकणाऱ्याने विचारल्यास सांगता यावे, एवढी तयारी मात्र ठेवावी.

आदल्या दिवशी करावयाचा प्रयोग

भाषणाच्या आदल्या दिवशी सारख्या आकाराची दोन पातेली घ्यावीत. एकात कोरडी माती आणि दुसऱ्यात तेवढेच पाणी, अंदाजे पाच सेंटिमीटर उंचीपर्यंत भरावे. दोन्ही सावलीत ठेवून त्यांचे तापमान जवळपास सारखे होऊ द्यावे. मग सकाळी दहाच्या सुमारास उन्हात ठेवून दर पंधरा मिनिटांनी तासभर तापमापकाने नोंद घ्यावी. नंतर दोन्ही पातेली पुन्हा सावलीत आणून आणखी तासभर नोंदी घ्याव्यात. माती लवकर तापते व लवकर निवते, पाणी सावकाश तापते व सावकाश निवते, असे नोंदींवरून दिसते.

या प्रयोगात दोन चुका नेहमी होतात. माती ओली असेल तर तिच्यातील पाणी वाफ होऊन जाताना उष्णता घेऊन जाते, त्यामुळे माती अपेक्षेइतकी तापत नाही. तसेच तापमापकाचा फुगा मातीच्या वर राहिला तर तो मातीचे नव्हे, सरळ उन्हाचे तापमान दाखवतो. फुगा दोन्हीकडे दोन सेंटिमीटर खोल असावा. दोन्ही पातेल्यांचे आकडे जवळपास सारखेच आले तर आधी माती हातात घेऊन ती खरोखर कोरडी आहे का ते पाहावे. फळ्यावर मिळालेलेच आकडे लिहावेत, पुस्तकातील लिहू नयेत.

भाषणाची संहिता

पहिले मिनिट : प्रश्न

“आदरणीय सर आणि मित्रमैत्रिणींनो, मे महिन्यात दुपारी घोडबंदर रोडवर गायमुखाजवळ उभे राहा. खाडीकडून वारा येतो. तो इतका दमट असतो की अंगावरचा घाम वाळत नाही. पाठीमागे येऊरचा डोंगर आहे. दमट वारा आहे, डोंगर आहे, मग पाऊस का नाही? आणि जूनमध्ये याच डोंगरावर तो का कोसळतो? हवामान प्रणालीत हवा, पाणी, बर्फ, जमीन आणि सजीव असे पाच घटक आहेत. आज मी त्यातील तीनच घेणार आहे : जमीन, पाणी आणि हवा.”

दुसरे मिनिट : वारा कोठून येतो

“फळ्यावर काल घेतलेले आकडे पाहा. एकाच उन्हात माती लवकर तापली, पाणी मागे राहिले. पाण्याला तेवढेच तापवायला कोरड्या मातीच्या सुमारे पाचपट उष्णता लागते. शिवाय समुद्रात उष्णता लाटांबरोबर खोलवर मिसळते, जमिनीत ती वरच्या थरातच राहते. म्हणून दुपारी जमीन तापते, तिच्यावरची हवा तापून हलकी होते आणि वर जाते. तिची जागा घ्यायला समुद्राकडून थंड हवा येते. हाच खारा वारा. रात्री जमीन लवकर निवते आणि वारा उलटा, जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. तो मतलई वारा.”

तिसरे मिनिट : हवेतून पाणी कसे पडते

“आता पाऊस. हवेत बाष्प असणे म्हणजे पाऊस नव्हे. ती हवा थंड व्हावी लागते. ३० अंश तापमानाच्या एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त सुमारे ३० ग्रॅम बाष्प मावते. हवा २० अंशांपर्यंत निवली की १७ ग्रॅमच मावते. उरलेल्या बाष्पाचे थेंब होतात, तोच ढग. हवा निवण्याचा सर्वांत मोठा मार्ग म्हणजे तिने वर चढणे. वर दाब कमी असतो, हवा फुगते आणि फुगताना निवते. ढग बनेपर्यंत ती दर किलोमीटरला सुमारे दहा अंश निवते. म्हणजे पावसाला दोन गोष्टी हव्यात : भरपूर बाष्प आणि वर चढणे.”

चौथे मिनिट : मे आणि जून यांतील फरक

“मे महिन्यातील खाऱ्या वाऱ्याची जाडी थोडी असते, काही शे मीटरपासून किलोमीटरभर. त्याच्या वर उष्ण, कोरडी हवा झाकणासारखी बसलेली असते. दमट हवा डोंगरावर थोडी चढते, पण झाकणाखालीच थांबते. मोठा ढग होत नाही. जूनमध्ये येणारा नैर्ऋत्य मोसमी वारा वेगळा. तो विषुववृत्ताच्या दक्षिणेकडून निघतो, पृथ्वीच्या फिरण्यामुळे वळतो आणि हजारो किलोमीटर समुद्रावरून बाष्प घेत येतो. त्यातील दमट हवेची जाडी पाच-सहा किलोमीटर असते. झाकण उरत नाही. असा वारा सह्याद्रीवर चढला की पाऊस पडतो, आणि वारा रात्रंदिवस येत असल्याने बाष्प संपत नाही.”

पाचवे मिनिट : उत्तर आणि पुरावा

“याचा पुरावा आपल्या पावसाच्या नोंदीत आहे. मुंबईत सरासरी दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. माथेरानच्या उंचीवर त्याच्या दुपटीच्या आसपास पडतो. सह्याद्री ओलांडून खाली उतरलेल्या हवेत पुण्याला सातशे मिलिमीटरच्या आसपासच मिळतो. वारा एकच, पण चढताना तो पाणी टाकतो आणि उतरताना कोरडा होतो. म्हणून माझ्या प्रश्नाचे उत्तर असे : मे महिन्यात बाष्प आहे, पण त्याचा थर पातळ आहे आणि वर झाकण आहे. जूनमध्ये थर जाड होतो, झाकण जाते आणि पुरवठा अखंड होतो. धन्यवाद.”

ही संहिता घड्याळ लावून दोनदा मोठ्याने वाचावी. वेळ पुरत नसेल तर पहिल्या मिनिटातील घटकांची नावे कमी करावीत. तिसरे व चौथे मिनिट मात्र कापू नये, कारण प्रश्नाचे उत्तर त्यांतच आहे.

भाषणात कोठे चूक होते

सर्वांत जास्त ऐकू येणारे वाक्य म्हणजे ‘डोंगर ढग अडवतो म्हणून पाऊस पडतो’. त्यामुळे डोंगर म्हणजे भिंत व ढग म्हणजे त्यावर आपटणारी वस्तू, असे चित्र मनात उभे राहते. खरे म्हणजे डोंगर हवेला वर चढवतो आणि बहुतेक ढग तेथेच, चढताना तयार होतो. हा फरक शब्दांचा नाही. डोंगर केवळ अडवत असता तर मे महिन्यातही पाऊस पडला असता. चढलेल्या हवेत बाष्पाचा थर जाड नसेल तर डोंगर असूनही उपयोग होत नाही, हे ‘अडवणे’ या शब्दातून कधीच कळत नाही.

दुसरी चूक म्हणजे मोसमी वारा हा फक्त मोठा खारा वारा आहे असे सांगून थांबणे. सुरुवात समजण्यासाठी ही तुलना चांगली आहे, पण ती अर्धीच आहे. जमीन सर्वांत जास्त मे महिन्यात तापते. पाऊस सुरू झाल्यावर ती निवते, तरीही जुलै-ऑगस्टमध्ये मोसमी वारा जोरातच असतो. याचे कारण ढगातच आहे. समुद्राच्या पाण्याची वाफ होताना जी उष्णता खर्च झाली, ती वाफेचे पुन्हा पाणी होताना ढगात सुटते. या उष्णतेने वरची हवा तापते, अधिक वर जाते आणि खालून आणखी दमट हवा ओढली जाते. मोसमी पाऊस असा आपले इंधन आपल्याबरोबर आणतो. वर्गात कोणी ‘जमीन निवली तरी पाऊस का थांबत नाही?’ असे विचारले तर हे उत्तर द्यावे.

तिसरी चूक हवा आणि हवामान यांची सरमिसळ करण्याची. भूगोलात एखाद्या दिवसाची स्थिती म्हणजे हवा आणि अनेक वर्षांची सरासरी स्थिती म्हणजे हवामान. बोलीत आपण दोन्हींना हवामानच म्हणतो, म्हणून घोटाळा होतो. २६ जुलै २००५ चे उदाहरण येथे उपयोगी पडते. त्या वेळी चोवीस तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि त्याच मुंबईत कुलाब्याला केवळ ७३ मिलिमीटर. दोन्ही ठिकाणांचे हवामान जवळपास एकच आहे. त्या दिवशीची हवा मात्र वेगळी होती. पावसाचे उंच ढग एका छोट्या पट्ट्यावर तासन् तास तयार होत राहिले व तो पट्टा कुलाब्यावर नव्हता. पाच मिनिटांच्या भाषणातील साखळी जूनमध्ये पाऊस का येतो हे सांगते. कोणत्या दिवशी कोणत्या गावावर किती पडेल, हे ती सांगत नाही. तसा दावा भाषणात करू नये.

एल निनोबाबतही असाच अतिरेक होतो. प्रशांत महासागराच्या मध्य व पूर्व भागातील पाणी नेहमीपेक्षा जास्त तापले की भारतात पाऊस कमी पडण्याची शक्यता वाढते. ही शक्यता आहे, नियम नाही. १९९७ मध्ये एल निनो फार प्रबळ होता, तरी देशाचा मोसमी पाऊस सरासरीएवढा झाला. २००२ मध्ये एल निनो त्यामानाने मध्यम होता, पण जुलैमधील पाऊस सरासरीच्या निम्म्यावर आला आणि देशात दुष्काळ पडला. हिंदी महासागराची स्थिती आणि इतर बाबीही पावसावर परिणाम करतात, म्हणून एकाच कारणावर बोट ठेवता येत नाही.

शेतकऱ्याने या धड्याचा उपयोग कसा करावा

मेळाव्यात हे भाषण झाल्यावर भातउत्पादकाचा प्रश्न ठरलेला असतो : मे महिन्याच्या शेवटी पडलेला पाऊस वळवाचा की मोसमी? प्रश्न पैशाचा आहे. धूळवाफ पद्धतीने कोरड्या राबात भात पेरले असेल आणि वळवाच्या एका सरीने माती बियाण्याच्या खोलीपुरतीच भिजली, तर बी रुजते. पुढे आठ-दहा दिवस कोरडे गेले की कोवळे अंकुर जळतात. बियाणे जाते, आणि दुबार पेरणी केल्यास लावणीही तेवढीच लांबते.

वरील साखळीवरून काही खुणा तपासता येतात. वळीव स्थानिक तापण्यातून येतो. दुपारनंतर एका बाजूला ढग उंच वाढतो, वारा सुटतो, गडगडाट होतो, पाऊस तासा-दोन तासांत संपतो आणि आकाश उघडते. त्या रात्री जमिनीकडून येणारा मंद मतलई वारा पुन्हा सुरू होतो. मोसमी पावसात वारा पश्चिम किंवा नैर्ऋत्येकडून रात्रीही वाहत राहतो, ढग खालच्या उंचीवर सर्व आकाशभर असतात आणि पाऊस दिवसाच्या कोणत्याही वेळी येतो. म्हणून दुपारचा वारा पाहून अंदाज बांधू नये. दुपारी मे महिन्यातही वारा समुद्राकडूनच असतो. रात्री नऊ-दहाच्या सुमारास आणि पहाटे उघड्या जागेत धूर किंवा हलके फडके धरून दिशा पाहावी आणि हे सलग तीन दिवस करावे. इमारतींच्या गल्लीत किंवा दरीच्या तोंडाशी वारा वळतो, तेथील दिशा फसवते.

या खुणा वारा बदलला एवढेच सांगतात. पुढे खंड पडणार नाही याची हमी त्या देत नाहीत. २०२५ साली हे स्पष्ट दिसले. मोसमी पाऊस मुंबईत ११ जूनच्या सुमारास येतो असे धरले जाते. त्या वर्षी तो २६ मे रोजीच पोहोचला. तेथवरच्या नोंदींत इतक्या लवकर तो कधीच आला नव्हता. त्यानंतर मात्र २९ मेच्या सुमारास त्याची पुढची वाटचाल थांबली आणि जूनच्या मध्यापर्यंत थांबलेलीच राहिली. या तारखांवर राबाचा हिशेब करून पाहावा. भाताची रोपे साधारण २१ ते २५ दिवसांची झाली की लावणीस येतात. २७ मे रोजी पेरलेल्या राबातील रोपे १७ ते २१ जूनच्या दरम्यान तयार होणार, म्हणजे त्यांच्या वाढीचा बहुतेक काळ या मंद पावसाच्या दिवसांत जाणार. ज्याच्याजवळ विहीर किंवा ओढा आहे त्याला हा राब पाणी देऊन जगवता येतो व लावणी वेळेवर साधते. ज्याचा राब उतारावरच्या हलक्या वरकस जमिनीत आहे आणि पाणी नाही, त्याला तो धोका पेलणारा नाही.

म्हणून पहिल्या पावसानंतर तीन गोष्टी पाहाव्यात :

१. राबात कुदळीने एक वीत खणून ओल कोठवर गेली ते पाहावे. बियाण्याच्या खोलीखाली माती कोरडी असेल तर कोरडी पेरणी करण्याची किंवा रुजवलेले बी टाकण्याची घाई करू नये.

२. रात्रीच्या व पहाटेच्या वाऱ्याची दिशा तीन दिवस वहीत लिहावी. त्यासोबत भारतीय हवामान खात्याचा जिल्ह्याचा अंदाज व कृषी सल्ला रोज ऐकावा.

३. पाण्याची सोय नसल्यास सर्व बियाणे एकाच दिवशी पेरू नये. आठवड्याच्या अंतराने दोन टप्प्यांत राब टाकल्यास खंड पडला तरी एक राब हाती राहतो.

वहीतील नोंदी पुढच्या वर्षीही जपून ठेवाव्यात. चार-पाच वर्षांच्या नोंदी झाल्या की आपल्या शिवारात रात्रीचा वारा कधी फिरतो आणि त्यानंतर किती दिवसांनी पाऊस टिकून पडतो, हे गावातल्या गावात ताडून पाहता येते. कार्यानुभवाच्या विद्यार्थ्याला पुढच्या भाषणात प्रयोगाच्या आकड्यांशेजारी मांडावयास याच नोंदी मिळतील.